क्लोंडाइक सॉलिटेअर: एक पत्ता की तीन पत्ते? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोय नसते. मग कूलरसमोर बसून मोबाइलवर नाहीतर खऱ्या पत्त्यांवर सॉलिटेअर सुरू होतं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर फुटाळ्याला भेटलेली मंडळी तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. खेळाचे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरलं आहे. न उलटलेल्या 24 पत्त्यांना इथे ‘गड्डी’ म्हटलंय, त्यातून उलटून ठेवलेल्यांना ‘उघडा ढीग’, खालच्या सात उभ्या ओळींना ‘रांगा’ आणि एक्क्यापासून राजापर्यंत रचत जायच्या चार जागांना ‘एक्क्यांचे ढीग’.

एक-एक पत्त्याचा डाव निम्म्याहून जास्त वेळा सुटतो. तीन-तीनवर गेलो की हरूनच राहिलो. पत्ते तर तेच 52 आहेत, मग काऊन असं?

पत्ते तेच आहेत, पण गड्डी तीच राहत नाही. एक-एकमध्ये गड्डी कितीही वेळा फिरवायची मुभा असेल, तर तिच्यातला कोणताही पत्ता हवा तेव्हा हाती येतो. हवा तो दिसेपर्यंत उलटत राहायचं, एवढंच. तिथे पत्त्यांच्या क्रमाला काही किंमतच उरत नाही. 24 पत्ते टेबलावर तोंड वर करून पसरले असते, तरी खेळ जवळजवळ तसाच झाला असता.

तीन-तीनमध्ये एका वेळी तीन पत्ते उलटतात आणि खेळता येतो तो फक्त सर्वांत वरचा. 24 ला तिनाने भागलं की आठ. म्हणजे पहिल्या फेरीत काहीच उचललं नाही, तर तुमच्या हाताला फक्त आठ पत्ते लागतात: तिसरा, सहावा, नववा असे करत चोविसावा. उरलेले 16 डोळ्यांना दिसतात, पण हात पोचत नाही. एखादा पत्ता उचललात तर त्याच्या खालचा मोकळा होतो आणि पुढच्या फेरीत मागच्या सगळ्या पत्त्यांची जुळणी सरकते. हे सरकणं नीट समजलं की तीन-तीनचं निम्मं कोडं सुटतं. खाली त्यावरच जास्त लिहिलंय.

असा एखादा डाव असतो का, जो तीन-तीनमध्ये सुटतो पण एक-एकमध्ये सुटत नाही?

फेऱ्यांवर बंधन नसेल तर असा एकही डाव नसतो. तीन-तीनमध्ये ज्या क्षणी जो पत्ता तुम्ही गड्डीतून उचलाल, तोच पत्ता त्याच क्षणी एक-एकमध्येही उचलता येतो. रांगांचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. त्यामुळे तीन-तीनमधली जिंकायची वाट एक-एकमध्ये जशीच्या तशी चालून दाखवता येते. उलट बाजूने मात्र हे खरं नाही. म्हणून दोन्हींच्या जिंकण्याच्या प्रमाणात फरक पडणारच, आणि तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला असणार.

हा फरक नेमका किती?

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या चार्ली ब्लेक आणि इयान जेंट यांनी ‘सॉल्व्हिटेअर’ नावाचा प्रोग्रॅम लिहून असंख्य डाव तपासले. त्यांच्या हिशोबात तीन-तीनचे सुमारे 82 टक्के डाव सुटू शकतात आणि एक-एकचे सुमारे 90 टक्के.

‘सुटू शकतात’ म्हणजे पालथे पत्तेही ठाऊक असतील आणि एकही खेळी चुकणार नसेल तर. आपल्याला 21 पत्ते दिसत नसतात. त्यामुळे हा आकडा ही वरची मर्यादा आहे, तुमच्या-माझ्या गुणपत्रिकेशी तो ताडून बघू नये.

याच विषयावर 2004 साली मांडलेल्या एका शोधनिबंधात एका अनुभवी अमेरिकन गणितज्ञाचा दाखला आहे. त्याने सगळे पत्ते उघडे ठेवून तीन-तीनचे 2000 डाव खेळले, प्रत्येकाला सरासरी 20 मिनिटं दिली, आणि जिंकले 36.6 टक्के. सगळं समोर दिसत असताना! तेव्हा पालथ्या पत्त्यांनी खेळून तुमचे दहातले तीन सुटत असतील, तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

वरवर पाहता 82 आणि 90 मध्ये फार अंतर नाही. पण माणूस खेळतो तेव्हा ते अंतर वाढतं, कारण तीन-तीनमध्ये चूक करायच्या जागा कितीतरी जास्त असतात. गड्डीतला पत्ता एक-एकमध्ये आत्ता उचलला काय आणि पाच खेळ्यांनी उचलला काय, तो कुठे जात नाही. तीन-तीनमध्ये तोच निर्णय इतर पंधरा पत्त्यांच्या जागा हलवतो.

सरकतात म्हणता, म्हणजे नेमकं काय होतं?

गड्डीतल्या पत्त्यांना ज्या क्रमाने ते उलटतात त्या क्रमाने 1 ते 24 आकडे द्या. पहिल्या फेरीतली त्रिकुटं होतात 1-2-3, 4-5-6, 7-8-9 अशी. मोबाइलवर प्रत्येक त्रिकूट डावीकडून उजवीकडे पसरलेलं दिसतं आणि खेळता येतो तो उजवा.

समजा तुम्ही फक्त 6 नंबरचा पत्ता उचललात. चालू फेरीत पुढची त्रिकुटं बदलत नाहीत, 9, 12, 15 हेच वर येतात. गंमत पुढच्या फेरीत दिसते. आता त्रिकुटं पडतात 1-2-3, 4-5-7, 8-9-10, 11-12-13. वर येतात 7, 10, 13. म्हणजे पहिल्या फेरीत जे डावे होते, ते आता हाताला लागतात.

6 आणि त्याच्या खालचा 5 असे दोन उचललेत तर पुढच्या फेरीत 1-2-3, 4-7-8, 9-10-11 पडतात. वर येतात 8, 11, 14, म्हणजे पहिल्या फेरीतले मधले.

आणि 6, 5, 4 असे तिन्ही उचललेत तर? 1-2-3, 7-8-9, 10-11-12. पुन्हा तेच 9 आणि 12 वर. तीन पत्ते कमी झाले, पण मागच्या पत्त्यांसाठी काहीही बदललं नाही.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: गड्डीच्या सुरुवातीच्या भागातून एक काढला तर मागचे डावे वर येतात, दोन काढले तर मधले, तीन काढले तर पुन्हा उजवे. काढलेल्या पत्त्याच्या आधीचे पत्ते कधीच हलत नाहीत. यावरून उघड आहे की गड्डीच्या सुरुवातीचा पत्ता उचलणं मोठा निर्णय असतो आणि शेवटचा उचलणं जवळजवळ फुकट. 24 नंबरचा उचलला तर त्याच्या आधीच्या 21 पत्त्यांची त्रिकुटं जशीच्या तशी राहतात, शेवटी फक्त 22-23 अशी जोडी उरते.

एखाद्या खऱ्या डावात हे कसं वापरायचं?

सविस्तर बघू. मांडणी अशी आहे: सातव्या रांगेत सहा पालथे पत्ते आहेत आणि त्यावर चौकट नव्वी उघडी आहे. दुसऱ्या एका रांगेवर बदाम गुलाम उघडा आहे, तिसऱ्या एका रांगेवर बदाम पंजी. सातवी रांग फोडायची तर नव्वीला बसायला काळी दश्शी हवी. इस्पिक दश्शी कुठेच दिसत नाही, किलवर दश्शी गड्डीत अकराव्या नंबरवर आहे. ती हाती आली तर बदाम गुलामावर बसेल, तिच्यावर नव्वी जाईल आणि सहा पालथ्यांतला पहिला पत्ता उलटेल.

पण अकरावा पत्ता म्हणजे 10-11-12 मधला मधला. त्याच्यावर बारावी आहे चौकट राणी, आणि तिला बसायला काळा राजा कुठे उघडा नाही. तेव्हा वरून खाली जायची वाट बंद. दुसरी वाट म्हणजे गड्डीत त्याच्या आधी असलेले दोन पत्ते काढून मधल्यांना वर आणणं.

आता दुसरं त्रिकूट बघा. 6 नंबरवर बदाम एक्का आहे, तो कोणीही लगेच वर ठेवेल. त्याखाली 5 नंबरवर इस्पिक चौकी आहे, ती बदाम पंजीवर बसते. त्याखाली 4 नंबरवर चौकट तिर्री आहे, आणि ती आत्ताच बसवलेल्या इस्पिक चौकीवर मस्त बसते. एका दमात तीन पत्ते साफ! इथेच बहुतेक लोक डाव घालवतात.

तिन्ही काढलेत तर पुढच्या फेरीत पुन्हा 10-11-12 हेच त्रिकूट पडेल आणि दश्शी राणीखालीच अडकून राहील. फक्त एक्का काढलात तर आणखी वाईट: 11-12-13 असं त्रिकूट पडेल आणि दश्शी तळाशी जाईल. एक्का आणि चौकी काढून तिर्री मुद्दाम सोडली, तर मात्र पुढच्या फेरीत 9-10-11 पडतं आणि किलवर दश्शी सरळ वर येते. दश्शी गुलामावर, नव्वी दश्शीवर, सातवी रांग उघडली.

याची किंमतही मोजावी लागते, ती लपवत नाही. सोडलेली चौकट तिर्री पुढच्या फेऱ्यांमध्ये 4-7-8 या त्रिकुटाच्या तळाशी गेली. 8 आणि 7 खेळता आले तर ती मोकळी होईल. नाहीतर तिच्या आधीच्या तीन पत्त्यांपैकी एक निघायला हवा. तिसरा निघाला, तर 1-2-4 असं पडून तिर्री आपोआप वर येते. मला विचाराल तर सहा पालथ्या पत्त्यांची रांग उघडण्यासाठी एक तिर्री काही वेळ अडकवून ठेवणं हा फायद्याचाच सौदा आहे. पण तुमच्या डावात चौकट दुर्री आधीच वर बसलेली असेल आणि तिर्रीवाचून चौकटचा ढीग अडलेला असेल, तर पुन्हा विचार करा.

मग पहिल्या फेरीत काहीच खेळू नये का?

तीन-तीनमध्ये माझी सवय अशी आहे की गड्डीला हात न लावता ती एकदा पूर्ण उलटून बघायची. रांगांमधल्या उघड खेळ्या आधी करून घ्यायच्या, गड्डीतून मात्र काहीच उचलायचं नाही. प्रत्येक त्रिकुटातले तिन्ही पत्ते दिसतात, त्यामुळे फेरी संपेपर्यंत चोवीसही पत्ते कळलेले असतात. रांगांवरचे सात आधीच दिसत होते. एकूण 31 झाले. राहिलेले 21 कोणते, हेही मग वजाबाकीने कळतं. कोणता कुठे आहे ते तेवढं कळत नाही.

सगळे 24 पाठ करायला कोणी सांगत नाही. एक्के, दुर्ऱ्या, राजे आणि आत्ता रांगेत ज्याची गरज आहे असे दोन-तीन पत्ते, एवढेच डावा-मधला-उजवा असे लक्षात ठेवले तरी पुरतं. वीज गेली की खऱ्या पत्त्यांवर खेळणारे आमचे एक काका हे बोटांच्या पेरांवर मोजतात.

फेऱ्या मोजून मिळत असतील तर मात्र ही चैन परवडत नाही. व्हेगास पद्धतीत तीन-तीनला तीनच फेऱ्या मिळतात, तिथे बघण्यात एक फेरी घालवणं म्हणजे एक तृतीयांश खेळ सोडून देणं. तिथेही पहिल्या फेरीत सुरुवातीच्या पत्त्यांना जपून हात लावावा आणि शेवटचे बिनधास्त उचलावे, एवढं तत्त्व टिकतं.

रांगेतली खेळी आधी की गड्डीतली?

पालथा पत्ता उलटणारी खेळी सगळ्यात आधी, दोन्ही प्रकारांत. 21 पालथे पत्ते हाच खरा अडसर असतो. एका वेळी दोन रांगा फोडता येत असतील तर जिच्याखाली जास्त पत्ते आहेत ती आधी धरा. दुसऱ्या रांगेत एकच पालथा पत्ता असतो, तो कधीतरी निघतोच. सातव्या रांगेतले सहा उशिरापर्यंत तसेच राहिले तर डाव तिथेच संपतो.

एखादा पत्ता या रांगेतून त्या रांगेत नेल्याने काहीच उलटत नसेल, गड्डीतल्या पत्त्याला जागा होत नसेल आणि खालचा पत्ता एक्क्यांच्या ढिगावर जाणार नसेल, तर ती खेळी करूच नका. ती नंतरही करता येते, आणि तोपर्यंत दोन्ही पर्याय हातात राहतात.

एक्के-दुर्ऱ्या वर टाकाव्यात हे कळतं. बाकीचे पत्तेही दिसले की लगेच वर टाकायचे ना?

रांगेतले एक्के आणि दुर्ऱ्या लगेच टाका. दुर्रीवर रांगेत फक्त एक्का बसू शकतो आणि एक्का तर वरच जाणार, तेव्हा तिला खाली ठेवण्यात काही अर्थ नसतो. तिर्रीपासून पुढे थांबून बघा. लाल पंजी वर गेली की काळ्या चौकीची एक बसायची जागा गेली. दोन्ही काळ्या चौक्या आधीच एक्क्यांच्या ढिगांवर पोचल्या असतील तर लाल पंजी निर्धास्त वर टाका, कारण तिची वाट बघणारं कोणीच उरलेलं नाही. हाच नियम पुढच्या प्रत्येक आकड्याला लागतो. पंजी हलवून पालथा पत्ता उलटत असेल तर अर्थातच गोष्ट वेगळी.

तीन-तीनमध्ये यात आणखी एक पेच आहे. गड्डीतला एक्कासुद्धा उचलला की मागचे पत्ते सरकतात. म्हणून तो कधी उचलायचा हेही बघावं लागतं. एक-एकवर वर्षानुवर्षं खेळलेल्यांना हे पचायला जड जातं. एक्का दिसला की त्यांचा हात आपोआप जातो.

रांग रिकामी झाली तर चांगलंच ना?

राजा तयार असेल तर चांगलं. रिकाम्या जागी फक्त राजा बसतो, त्यामुळे राजा नसताना रांग रिकामी करणं म्हणजे एक जागा कमी करून खेळणं. एक-एकमध्ये गड्डीत राजा असला की तो तयारच समजा. तीन-तीनमध्ये राजा गड्डीत असून उपयोग नाही, तो या किंवा पुढच्या फेरीत वर येणार आहे का ते मोजा.

दोन राजांतून निवडायचं असेल तर राण्या आणि गुलामांकडे बघून रंग ठरवा. लाल राणी आणि काळा गुलाम मोकळे असतील तर काळा राजा बसवा. पालथ्या पत्त्यांवर बसलेला राजा आणि गड्डीतला राजा यांत निवड असेल तर पालथ्यांवरचा, कारण त्याने लगेच काहीतरी उलटतं.

डाव अडकला हे कधी समजायचं? मी तर फिरवतच राहते.

तीन-तीनमध्ये अख्खी फेरी काहीही न उचलता गेली तर पुढची फेरी हुबेहूब तशीच जाणार, दहा वेळा फिरवलं तरी. तिथे बदल घडवायचा तर तो रांगांमधूनच घडवावा लागतो. बरेच लोक एक उपाय विसरतात: एक्क्यांच्या ढिगावरून पत्ता परत रांगेत आणणं. लाल छक्की खाली आणली तर तिच्यावर गड्डीतली काळी पंजी बसते, एक पत्ता निघतो आणि मागचे सगळे सरकतात. विंडोजच्या जुन्या सॉलिटेअरमध्ये याचे 15 गुण कापले जायचे. डाव सुटत असेल तर खुशाल कापू द्या.

काही अडकणं मात्र कशानेच सुटत नाही. समजा सातव्या रांगेवर बदाम सत्ती आहे, आणि तिच्याखालच्या पालथ्या पत्त्यांत दोन्ही काळ्या अठ्ठ्या आणि बदाम तिर्री आहेत. सत्तीला बसायला काळी अठ्ठी हवी, त्या दोन्ही तिच्याखाली. वर जायचं तर आधी बदाम तिर्री जायला हवी, तीही तिच्याखाली. एक-एकचे जे सुमारे 10 टक्के डाव सुटतच नाहीत, त्यांत अशा गाठी असतात. पालथे पत्ते असल्याने हे आधी कळत नाही. पण गड्डी पूर्ण बघूनही दोन्ही काळ्या अठ्ठ्या आणि तिर्री कुठेच सापडल्या नाहीत, तर संशय घ्यायला हरकत नाही.

पहिलीच खेळी नाही असा डावही येतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. तीन-तीनमध्ये साधारण 400 डावांत एक असा येतो की रांगांत काही हलत नाही आणि गड्डीतले हाताला लागणारे आठही पत्ते कुठे बसत नाहीत. सरळ पत्ते पिसा.

‘मागे घ्या’ बटण वापरलं तर ती फसवणूक होते का, बाप्पा?

स्वतःशीच खेळताना फसवणार कोणाला! पण आकड्यांची तुलना करताना तेवढं लक्षात ठेवा. पत्ता उलटून बघायचा, आवडला नाही की मागे घ्यायचा, असं केलं की तुम्ही पालथे पत्ते ठाऊक असलेला खेळ खेळता. 82 आणि 90 हे आकडे त्याच खेळाचे आहेत. बटण वापरून 60 टक्के जिंकणारा आणि न वापरता 30 टक्के जिंकणारा यांत कोण चांगला, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. काही ॲप फक्त सुटणारेच डाव वाटायची सोय देतात, तिथली टक्केवारी तर आणखीच वेगळी.

एक-एकला फेरी एकच मिळत असेल तर?

मग वर सांगितलेलं सगळं उलटंपालटं होतं. व्हेगास पद्धतीत एक-एकला एकच फेरी असते. प्रत्येक पत्ता एकदाच वर येतो, आणि तेव्हा सोडला की तो पुढच्या पत्त्यांखाली गाडला जातो. वरचे एकेक करून निघाले तरच तो परत दिसतो. तिथे गड्डी भराभर उलटणं सर्वांत महाग पडतं. प्रत्येक पत्ता उलटायच्या आधी रांगांमधल्या सगळ्या उपयोगी खेळ्या संपवा, कारण नवा पत्ता आला की जुना झाकला जातो. अशा डावात तीन फेऱ्यांचा तीन-तीन सोपा की एका फेरीचा एक-एक, हे तुलनेने सांगता येत नाही, कारण इथे एकात उचलता येणारा पत्ता दुसऱ्यात त्याच क्षणी मिळेलच असं राहत नाही.